किल्ली बंद, तरी करंट चालू

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गृहसंकुलात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईंची १२५ सीसीची स्कूटर एका सकाळी सुरूच होईना. बटण दाबलं की रिलेची टकटक ऐकू यायची, मीटरवरचे दिवे मंद व्हायचे आणि सेल्फ मात्र जागचा हलायचा नाही. या मॉडेलला किक नाही, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. बॅटरी तीन वर्षांची झाली होती, म्हणून गॅरेजवाल्याने नवी घालून दिली. पहिल्या दिवशी गाडी झोकात सुरू झाली. दुसऱ्या सकाळी सेल्फ कण्हत फिरला. तिसऱ्या सकाळी पुन्हा तीच टकटक. बॅटरीच्या दुकानदाराने बॅटरी परत मागवली, रात्रभर चार्जिंगला लावली, लोड टेस्टरवर तपासली आणि ती चांगली असल्याचं सांगून परत दिली. पुन्हा दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या सकाळी गाडी जागच्या जागी.

नवी बॅटरी, चार्ज केली की चालते, उभी राहिली की उतरते. ही लक्षणं एकत्र दिसली की बॅटरी बदलत बसण्यात अर्थ नसतो. किल्ली बंद असतानाही गाडीतली कुठली तरी वस्तू बॅटरीतून विजेचा प्रवाह ओढत असते. गॅरेजमध्ये याला ‘कुठेतरी करंट खातंय’ असं म्हणतात. तो कुठे खातो, हे शोधण्यासाठी तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मात्र मीटर कधी, कुठे आणि किती वेळ लावायचा, हे ठाऊक असावं लागतं. या बाईंच्या गाडीत नेमकं तिथेच घोडं अडलं होतं.

मीटर हातात घेण्याआधी थोडं गणित करून बघावं. त्यांच्या स्कूटरची बॅटरी १२ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची आहे. म्हणजे तिच्यातून सतत ०.४ अँपिअर, अर्थात ४०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला तर ती साधारण दहा तासांत रिकामी होईल. पूर्ण भरलेली, धडधाकट बॅटरी खरोखर एका रात्रीत बसवायची असेल तर एवढा प्रवाह वाहायला हवा. पाच वॅटचा एक जुना पार्किंगचा दिवा साधारण एवढाच करंट घेतो. असा दिवा रात्रभर जळत राहिला तर अंधारात तो कोणाला तरी दिसेलच. दिसत नसला तर एवढी वीज कुठल्या तरी वस्तूत उष्णता होऊन बाहेर पडत असणार, आणि ती वस्तू पहाटे हाताला कोमट लागायला हवी. या स्कूटरवर यातलं काहीच दिसत नव्हतं. शिवाय गाडी पहिल्या रात्रीनंतर बंद पडत नव्हती, ती तिसऱ्या सकाळी पडत होती. यातून एक अंदाज निघतो. गळती मध्यम असावी, पण रोज बाहेर जाणारी वीज रोज आत येणाऱ्या विजेपेक्षा जास्त असावी.

आत येणारी वीज किती, हा भाग बहुतेक जण विसरतात. गाडी चालवली की बॅटरी चार्ज होते हे खरं आहे, पण घर ते ऑफिस पाच किलोमीटर, तेही सिग्नल आणि कोंडीतून वीस-पंचवीस मिनिटांत, असा प्रवास असेल तर तेवढ्या वेळात बॅटरीला फार काही मिळत नाही. इंजिन हळू फिरत असताना चार्जिंग कमीच असतं. त्यात २०१७च्या एप्रिलपासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना सतत जळतो. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्याचा पंप आणि ईसीयूसुद्धा विजेवरच चालतात. अशा छोट्या फेरीत बॅटरीत परत पडणारी वीज ०.२ अँपिअर-अवरच्या आसपास धरली, तर जाऊन-येऊन ०.४ होते. रात्री यापेक्षा जास्त गेली की खातं तुटीत गेलंच.

अंदाज पक्का करण्यासाठी घराजवळच्या एका वायरमनने त्यांना पहिलं काम सोपं दिलं. (दुचाकीच्या विजेची कामं करणाऱ्याला आपल्याकडे वायरमनच म्हणतात.) बॅटरी पूर्ण चार्ज करायची, संध्याकाळी गाडी लावल्यावर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलचा बोल्ट सोडवून केबल बाजूला करायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. केबल सुटी करण्याआधी आणि सकाळी जोडण्याआधी मीटरवर व्होल्टेज बघायचं. मीटरचा गोल खटका डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल सळई पॉझिटिव्हला आणि काळी निगेटिव्हला टेकवायची. गाडी नुकतीच चालवली असेल तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून तासभर थांबून बघायचं. त्यांना संध्याकाळी १२.७५ दिसलं आणि सकाळी १२.७४. केबल जोडली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

या एका रात्रीत अर्धी शंका मिटली. बॅटरी स्वतःच्या दोषाने आतल्या आत उतरत असती, तर केबल सुटी असतानाही आकडा खाली आला असता. तो आला नाही, म्हणजे बॅटरी निर्दोष होती आणि चोर गाडीत होता. ही चाचणी कोणालाही घरी करता येते आणि तिच्यासाठी करंट मोजावा लागत नाही. नव्या बॅटरीवर पैसे घालण्याआधी प्रत्येकाने ती करावी.

पुढच्या रात्री बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करून केबल जोडलेली ठेवली. सकाळी मीटरवर १२.४ दिसलं. हा फरक वाचताना पुष्कळ जण फसतात. बाराच्या वर आहे ना, मग बॅटरी ठीकच, असं त्यांना वाटतं. पण लेड-अॅसिड बॅटरीचा आकडा फार थोड्या अंतरात हलतो. विश्रांतीत १२.७ ते १२.८ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे ढोबळमानाने दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.८ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. एका रात्रीत पाव ते एक तृतीयांश भाग गायब होत होता असं नेमकं सांगता येत नसलं, तरी नुकसान एका अँपिअर-अवरच्या पुढे होतं हे उघड होतं.

आता करंट मोजायची वेळ आली. बाई शनिवारी दुपारी गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. वायरमनने आधी जुन्या सवयीने टेस्ट लॅम्प लावला. ही पद्धत अशी: निगेटिव्ह केबल सुटी करून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब जोडायचा. प्रवाह वाहत असेल तर बल्ब पेटतो. बल्ब पेटला नाही. पेटणारही नव्हता, कारण १० वॅटचा बल्ब पूर्ण तेजाने जळायला ०.८ अँपिअरहून जास्त करंट लागतो. त्याच्या आठव्या हिश्श्यात त्याची तार लालसुद्धा होत नाही. कुठे थेट शॉर्ट झालं असेल तर टेस्ट लॅम्प लगेच सांगतो, पण शे-सव्वाशे मिलिअँपिअरची गळती त्याच्या नजरेतून सुटते. बल्ब पेटला नाही म्हणून ‘लीकेज नाही’ असं सांगितलेल्या कितीतरी गाड्या पुन्हा पुन्हा बॅटरी खात राहतात.

मग मीटर लावला. करंट मोजताना मीटर प्रवाहाच्या वाटेतच जोडावा लागतो, म्हणजे बॅटरीतून निघणारी सगळी वीज मीटरमधून जायला हवी. यासाठी निगेटिव्ह बाजू निवडायची. गाडीची सगळी चेसिस निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह सोडवताना पाना चेसिसला लागला तरी काही होत नाही, पॉझिटिव्ह सोडवताना लागला तर मोठी ठिणगी पडते. किल्ली बंद करून, चावी काढून, निगेटिव्ह केबल सुटी केली. मीटरची लाल वायर नेहमीच्या भोकातून काढून दहा अँपिअरच्या भोकात घातली आणि खटकाही दहा अँपिअरवर नेला. लाल सळई सुट्या केबलला आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला चिमट्याने पक्की धरली.

सुरुवात नेहमी या मोठ्या पट्ट्यापासून करायची. स्वस्त मीटरमधला लहान पट्टा २०० मिलिअँपिअरपर्यंतच असतो आणि त्याच्या मागे तेवढ्याच ताकदीचा नाजूक फ्यूज असतो. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, हॉर्न किंवा सेल्फ तर मुळीच दाबायचा नाही. सेल्फ काही क्षणांसाठी दहा अँपिअरच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि तो सगळा मीटरमधून जाऊ पाहतो. दुसरी एक चूक याहून धोक्याची आहे. करंट मोजून झाल्यावर लाल वायर दहा अँपिअरच्या भोकातच विसरायची आणि त्याच मीटरने बॅटरीचं व्होल्टेज बघायला जायचं. त्या भोकातून मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तारच असते, त्यामुळे बॅटरी थेट शॉर्ट होते. पुष्कळ स्वस्त मीटरमध्ये या भोकाला फ्यूजही नसतो. सळया तापतात, वायर वितळते, हात भाजतो. काम झालं की वायर आधी मूळ जागी घालायची.

मीटर जोडल्याबरोबर पडद्यावर ०.१५ अँपिअर दिसलं. वायरमनने घाई केली नाही, हे त्याचं कौतुक. केबल काढून पुन्हा जोडली की गाडीतली प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तू नव्याने जागी होते. घड्याळ, ईसीयू, अलार्म, जे काही असेल ते काही मिनिटं जास्त करंट घेतं आणि मग झोपतं. पहिला आकडा त्यामुळे कधीच खरा मानायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबल्यावर आकडा ०.०१ वर आला. एवढ्या मोठ्या पट्ट्यावर ०.०१ म्हणजे ५ ते १५ मिलिअँपिअरमधलं काहीही असू शकतं, म्हणून लहान पट्ट्यावर जाणं भाग होतं. पण वायर एका भोकातून दुसऱ्यात घालताना क्षणभर प्रवाह तुटतो आणि झोपलेली वस्तू पुन्हा जागी होते. यावर एक जुनी युक्ती आहे. दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक जाड वायर केबल आणि टर्मिनलमध्ये थेट जोडायची, मग मीटर बदलायचा आणि शेवटी ती वायर काढायची. प्रवाह तुटतच नाही. लहान पट्ट्यावर आकडा दिसला १२ मिलिअँपिअर.

हा आकडा थोडा जास्त होता, पण गाडी तिसऱ्या दिवशी बंद पाडणारा नव्हता. १२ मिलिअँपिअरने ४ अँपिअर-अवरची बॅटरी रिकामी व्हायला जवळपास दोन आठवडे लागतील. वायरमन बुचकळ्यात पडला. मीटर खोटं बोलत नव्हता, आणि रात्री होणारी घटही खोटी नव्हती.

गुंता सुटला तो बाईंनी लिहून ठेवलेल्या आकड्यांमुळे. बँकेत हिशेब सांभाळायची सवय असल्यामुळे त्यांनी घरच्या पार्किंगबरोबर ऑफिसच्या पार्किंगमध्येही आठवडाभर व्होल्टेज बघून वहीत नोंदलं होतं. ऑफिसला गाडी उघड्या मैदानात आठ-नऊ तास उभी असायची आणि तेवढ्या वेळात आकडा ०.०१ किंवा ०.०२ ने हलायचा. घरी तेरा तासांत तो ०.३ ते ०.४ ने खाली यायचा. गाडी तीच, बॅटरी तीच, चावी दोन्हीकडे बंद. बदलत होती फक्त जागा. आणि घरची जागा होती इमारतीच्या दुसऱ्या तळघरात.

वायरमन संध्याकाळी मीटर घेऊन तळघरात गेला. तशीच जोडणी केली आणि वाट बघितली. दहा मिनिटं गेली, वीस गेली, पाऊण तास गेला. आकडा ०.०९ आणि ०.१३ यांच्यामध्ये नाचत राहिला, खाली यायचं नाव घेईना. सरासरी ११० मिलिअँपिअर धरली तर तेरा तासांत १.४ अँपिअर-अवर जातात. पूर्ण भरलेली ४ ची बॅटरी पहिल्या सकाळी २.६ वर येते, दिवसाच्या दोन फेऱ्यांत ०.४ परत मिळून ३ होते, दुसऱ्या सकाळी १.६ वर येते, संध्याकाळी २ आणि तिसऱ्या सकाळी ०.६. दुसऱ्या सकाळचा कण्हणारा सेल्फ आणि तिसऱ्या सकाळची टकटक, दोन्ही या जमा-खर्चात चोख बसतात. म्हणजे बॅटरी एका रात्रीत उतरत नव्हती. ती तीन रात्रींत उतरत होती आणि तिसऱ्या रात्री उंबरठ्याच्या खाली जात होती.

आता मीटर तसाच जोडलेला ठेवून एकेक वाट बंद करायची होती. मोटारीत डझनावारी फ्यूज असतात, एकेक काढत गेलं की दोषी सापडतो. दुचाकीत एक मुख्य फ्यूज आणि फार तर दोन-चार छोटे असतात. म्हणून पहिला प्रश्न एकच: मुख्य फ्यूज काढल्यावर आकडा पडतो का? पडला तर गळती कंपनीच्या मूळ वायरिंगमध्ये. पडला नाही तर फ्यूजला वळसा घालून बॅटरीच्या टर्मिनलवरून थेट निघालेल्या वायरीत. वायरमनने मुख्य फ्यूज उपसला. आकडा जागचा हलला नाही.

पॉझिटिव्ह टर्मिनलवरचं रबरी टोपण वर केलं तर मूळ जाड केबलच्या बोल्टखाली आणखी दोन बारीक लाल वायरी दाबलेल्या सापडल्या. दोन्ही नंतर बसवलेल्या. एक हँडलजवळच्या मोबाईल चार्जरकडे जात होती. ती सोडवल्यावर आकड्यात जेमतेम फरक पडला. लहान पट्ट्यावर नंतर बघितलं तेव्हा चार्जर एकटा ६ मिलिअँपिअर घेत होता, त्याला मोबाईल लावलेला नसतानाही. त्याच्या आत १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं सर्किट असतं आणि निळा दिवाही चोवीस तास जळत असतो. दुसरी वायर पुढच्या फायबरच्या आत, काळ्या टेपमध्ये गुंडाळून खाली गेली होती. ती सोडवली आणि पडद्यावर ०.००.

त्या वायरीच्या टोकाला जीपीएस ट्रॅकर होता. गाडी चोरीला गेली तर मोबाईलवर ठिकाण कळावं म्हणून वर्षापूर्वी बसवून घेतलेला.

ट्रॅकर उघड्यावर शहाण्यासारखा का वागतो आणि तळघरात का नाही, याचं उत्तर त्याच्या कामातच आहे. त्याच्यात मोबाईलसारखंच एक सिमकार्ड आणि मोडेम असतो. नेटवर्क चांगलं असलं की मोडेम टॉवरशी एकदा नातं जोडतो आणि फारशी वीज न घेता निवांत राहतो. दुसऱ्या तळघरात काँक्रीटच्या दोन छतांखाली नेटवर्क पोहोचत नाही. मग तो पूर्ण ताकदीने टॉवर शोधत राहतो, सापडला नाही की पुन्हा शोधतो. उपग्रहाचे संकेतही तिथे मिळत नाहीत, म्हणून जीपीएसचा भागही जागाच राहतो. रेंज नसलेल्या गावात मोबाईलची बॅटरी भराभर संपते, त्यामागे हेच कारण असतं. दुपारी गॅरेजमध्ये रस्त्याच्या कडेला हा ट्रॅकर झोपला होता आणि म्हणून मीटरवर १२ दिसत होतं. दोष जिथे आणि ज्या परिस्थितीत घडतो तिथेच मोजमाप करावं लागतं, नाहीतर बिनचूक मीटरही अपुरं उत्तर देतो.

ट्रॅकर काढून टाकणं हा एक उपाय होता, पण बाईंना तो हवा होता. त्याला चावीनंतरच्या लाइनवर जोडला असता तर चावी बंद होताच त्याचा पुरवठा तुटला असता आणि मग आतल्या छोट्या बॅटरीवर तो जेवढा टिकेल तेवढाच. चोरीचा धोका गाडी उभी असतानाच असतो, म्हणून हेही पटण्यासारखं नव्हतं. बारकाईने बघितल्यावर खरी चूक सापडली. अशा बहुतेक ट्रॅकरना तीन वायरी असतात: कायम पुरवठ्याची लाल, अर्थची काळी आणि तिसरी इग्निशनची, जिच्यावरून चावी चालू आहे की बंद हे यंत्राला कळतं. बसवणाऱ्याने ही तिसरी वायर जोडलीच नव्हती, टेप लावून सोडून दिली होती. चावी बंद झाल्याची खबरच नसल्यामुळे यंत्र गाढ झोपेच्या अवस्थेत कधी जातच नव्हतं, ते फक्त हालचाल थांबली की डुलकी काढत होतं. ती वायर चावीनंतरच्या लाइनला जोडली आणि ट्रॅकरच्या अॅपमधून गाढ झोपेची सेटिंग चालू केली. आता चावी बंद झाल्यावर मोडेम पूर्ण बंद होतो, तासाला एकदा उठून ठिकाण कळवायचा प्रयत्न करतो आणि परत झोपतो. गाडी हलवली तर मात्र लगेच जागा होतो. मोबाईल चार्जरही चावीनंतरच्या लाइनवर घेतला, कारण त्याला रात्री जागं राहायचं काहीच कारण नाही.

त्यानंतर तळघरातच पुन्हा मीटर लावला. पंधरा मिनिटांनी आकडा ५ मिलिअँपिअरवर स्थिर झाला. त्यात १ मिलिअँपिअर गाडीच्या मूळ वायरिंगचा, म्हणजे मीटरवरचं घड्याळ आणि ईसीयूची स्मृती यांचा, आणि बाकी झोपलेल्या ट्रॅकरचा. रात्रीचं नुकसान १.४ वरून दशांशाच्याही खाली आलं.

मूळ वायरिंगचा हा एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह जवळपास प्रत्येक आधुनिक दुचाकीत असतो आणि तो दोष मानायचा नाही. कार्ब्युरेटरच्या, काट्याच्या मीटरच्या जुन्या गाड्यांत तो शून्याजवळ असतो. आपल्या मॉडेलची मर्यादा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि मेकॅनिककडून ती विचारून घेता येते. पण तो शून्य नसतो हेही लक्षात ठेवावं. २ मिलिअँपिअरने ४ अँपिअर-अवरची बॅटरी सहा आठवड्यांत निम्म्यावर येते, आणि शिवाय ती स्वतःहून थोडी उतरतेच. २०२०च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या पुष्कळ गाड्या अशाच बसल्या. गावी किंवा परदेशी जाताना निगेटिव्ह केबल सोडवून ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

मुख्य फ्यूज काढल्यावर आकडा पडला असता तर शोध वेगळ्या दिशेने गेला असता. तिथे पहिला संशयित म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं रेग्युलेटर किंवा आरआर म्हणतात. इंजिनवरच्या कॉइलमध्ये तयार होणारी उलटसुलट वीज एकाच दिशेने बॅटरीकडे सोडायची आणि व्होल्टेज १४.५ च्या पुढे जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. बॅटरीची वीज मागे कॉइलकडे वाहू नये म्हणून त्याच्या आत डायोड किंवा तत्सम घटक दारवानासारखे उभे असतात. उष्णतेने किंवा पावसाळ्यात आत शिरलेल्या पाण्याने त्यातला एखादा अर्धवट फुटला की चावी बंद असतानाही बॅटरीतून कॉइलवाटे चेसिसकडे वीज झिरपत राहते. ही गळती मोठी असू शकते, तीनशे मिलिअँपिअर आणि त्याहूनही जास्त. बॅटरी खऱ्या अर्थाने एका रात्रीत बसते ती बहुधा अशा गाड्यांत. ३०० मिलिअँपिअर म्हणजे जवळपास चार वॅट उष्णता, म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा रेग्युलेटर पहाटे हाताला कोमट लागला तर ती मोठी खूण आहे. मीटर जोडलेला ठेवून रेग्युलेटरचा कपलर ओढून काढायचा. आकडा धाडकन खाली आला की निदान पूर्ण. आला नाही तर एकेक कपलर सोडवत पुढे जायचं: स्पीडोमीटरचा, इग्निशन स्विचचा, मागच्या दिव्याचा. किनारपट्टीवर, रत्नागिरी-मालवणकडे किंवा गोव्यात, कपलर उघडून आतल्या पितळी पिनांवर हिरवा थर बसला आहे का हेही बघावं. खाऱ्या ओलाव्याने शेजारच्या दोन पिनांमध्ये वीज झिरपू लागते, आणि पावसाळ्यात दिसणारा हा दोष उन्हाळ्यात आपोआप नाहीसा होतो. अशा गाडीची तपासणी पावसात भिजल्यानंतरच करायची.

प्रत्येक उतरलेल्या बॅटरीमागे गळतीच असते असं नाही. केबल सुटी ठेवूनही सकाळी आकडा खाली आला तर बॅटरीच गेलेली आहे. रात्रीत आकडा टिकतो, पण इंजिन वाढवल्यावर टर्मिनलवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसत नाहीत, तर चार्जिंगमध्ये दोष आहे. आणि विश्रांतीत १२.७ असूनही सेल्फ दाबताच आकडा ९ च्या खाली कोसळतो, तर बॅटरीत साठा दिसत असला तरी तिची ताकद संपलेली आहे. टर्मिनलचा सैल बोल्टही हीच टकटक ऐकवतो. या चार गोष्टी मीटरने दहा मिनिटांत वेगळ्या करता येतात.

गळती ओळखायला उशीर केला की तिची किंमत बॅटरी चुकवते. लेड-अॅसिड बॅटरी उतरते तेव्हा तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. बॅटरी रिकाम्या अवस्थेत दिवसेंदिवस राहिली तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि पट्ट्यांचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. दुचाकीची बॅटरी काही सेकंद मोठा करंट द्यायला बनवलेली असते, पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरायला नव्हे. त्या बाईंची नवी बॅटरी महिनाभरात चार वेळा तळाला गेली होती. आता गळती थांबली आहे, पण ती बॅटरी मूळ आयुष्य पुरं करेल अशी अपेक्षा वायरमनने त्यांना दिली नाही.

ट्रॅकर, अलार्म, मोबाईल चार्जर, जादा दिवे, काहीही बसवून घ्या, पण गाडी ताब्यात घेण्याआधी बसवणाऱ्याकडून दोन गोष्टी करून घ्या. कोणती वायर थेट बॅटरीवर आणि कोणती चावीनंतरच्या लाइनवर जोडली, हे बिलावर लिहून घ्या. आणि चावी बंद करून, निगेटिव्हवर मीटर लावून, पंधरा मिनिटांनंतरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडी रात्री तळघरात उभी राहत असेल तर तोच आकडा तिथे जाऊन पुन्हा एकदा बघा.